पोर्ट्रेट फोटोतला डेप्थ मॅप वापरून मागचं दृश्य कसं बदलायचं

पोर्ट्रेट मोडमध्ये काढलेल्या फोटोत चेहरा स्पष्ट आणि मागचं सगळं धूसर दिसतं, हे आता सगळ्यांच्या परिचयाचं आहे. ते धूसर करण्यासाठी फोनला आधी कोणती वस्तू किती लांब आहे हे ठरवावं लागतं. ठरवलेली ही अंतरं तो फोटोच्याच फाइलमध्ये जपून ठेवतो, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. ही अंतरं एका वेगळ्या, राखाडी रंगाच्या छोट्या चित्राच्या रूपात असतात. जवळच्या वस्तू पांढऱ्या, लांबच्या काळ्या, मधल्या राखाडी. याला डेप्थ मॅप म्हणतात. फोटोतली मागची भिंत काढून तिथे दुसरं काही बसवायचं असेल, तर माणसाच्या कडेकडेने तासभर माउस फिरवण्याआधी हे चित्र बाहेर काढून पाहावं. अर्धं काम फोनने आधीच करून ठेवलेलं असतं.

उरलेलं अर्धं मात्र तो करत नाही. डेप्थ मॅप कुठे खरं बोलतो आणि कुठे चुकतो हे ओळखता आलं, तरच तो उपयोगाचा. म्हणून पायऱ्या सांगण्याआधी तो तयार कसा होतो ते पाहू. उदाहरण आयफोनचं घेतो, कारण त्याच्या फाइलमध्ये ही माहिती नीट, ठरलेल्या जागी असते आणि फुकट मिळणाऱ्या साधनांनी बाहेर काढता येते. गूगलच्या पिक्सेल फोनांनीही फोटोच्या आत डेप्थ मॅप ठेवण्याची पद्धत वापरली आहे. इतर अनेक अँड्रॉइड फोन मात्र धूसर केलेला फोटो तेवढा हातात देतात, किंवा अंतराची माहिती फक्त त्यांच्याच गॅलरी अ‍ॅपला वाचता येईल अशा रीतीने ठेवतात.

अंतर कसं कळतं

एक बोट नाकासमोर वीतभर अंतरावर धरा आणि आधी एक डोळा, मग दुसरा डोळा मिटून पाहा. बोट डावी-उजवीकडे उडी मारतं, समोरची भिंत मात्र जेमतेम हलते. दोन कॅमेऱ्यांचा फोन हेच करतो. 2016 साली आलेल्या आयफोन 7 प्लसमध्ये मागच्या बाजूला दोन कॅमेरे शेजारी-शेजारी होते. दोघांनी एकाच क्षणी टिपलेल्या चित्रांत एखादा बिंदू किती सरकला, यावरून त्याचं अंतर काढलं जातं. या सरकण्याला डिस्पॅरिटी म्हणतात.

डिस्पॅरिटी आणि अंतर यांचं नातं व्यस्त आहे. अंतर दुप्पट झालं की सरकणं निम्मं होतं. समजा दोन कॅमेऱ्यांमध्ये एक सेंटिमीटर अंतर आहे आणि फोटो सुमारे 4000 पिक्सेल रुंद आहे. मग दीड मीटरवरचा माणूस दोन चित्रांत साधारण 19 पिक्सेल सरकलेला दिसेल, चार मीटरवरचं झाड 7 पिक्सेल आणि 20 मीटरवरची इमारत जेमतेम दीड पिक्सेल. चाळीस मीटरवर गेलं की सरकणं एका पिक्सेलहूनही कमी. म्हणजे जवळच्या वस्तूंमधला फरक फोनला ढळढळीत दिसतो, आणि लांबच्या सगळ्या वस्तू त्याला जवळपास सारख्याच वाटतात.

फाइलमध्येही बहुतेक वेळा थेट मीटर नसून डिस्पॅरिटीच साठवलेली असते, म्हणजे एक भागिले मीटर. दोन मीटरवरच्या वस्तूला 0.5, चार मीटरवरच्या वस्तूला 0.25. राखाडी छटा या आकड्यांवरून ठरतात. हे लक्षात ठेवलं नाही तर पुढे छटा निवडताना गोंधळ होतो, कारण मॅपमधली मधली राखाडी म्हणजे मधलं अंतर असा त्याचा अर्थ होत नाही.

सगळे फोन दोन कॅमेऱ्यांनीच अंतर काढतात असं नाही. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेल्या सेल्फीत फेस आयडी असलेले आयफोन चेहऱ्यावर अदृश्य अवरक्त ठिपके टाकून अंतर मोजतात. 2017 च्या पिक्सेल 2 मध्ये मागे एकच कॅमेरा होता. त्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल दोन अर्ध्या भागांत विभागलेला होता आणि त्या दोन अर्ध्यांना दिसणाऱ्या चित्रांतला अगदी बारीक फरक वापरला जायचा. मात्र पुढची सगळी प्रक्रिया मॅप कुठून आला यावर अवलंबून नाही.

फाइलमध्ये नेमकं काय असतं

आयफोनच्या पोर्ट्रेट फोटोची फाइल `.HEIC` असते. तिच्यात मुख्य रंगीत फोटो असतोच, शिवाय जोडचित्रं असतात. त्यातलं एक डेप्थ मॅप. मुख्य फोटो 4032 × 3024 पिक्सेलचा असेल तर दोन कॅमेऱ्यांवरून काढलेला डेप्थ मॅप साधारण 768 × 576 चा असतो. हिशोब केला तर डेप्थ मॅपचा एक ठिपका फोटोच्या जवळपास 28 पिक्सेलांवर पसरतो. केसाची बट काही पिक्सेल रुंद असते, म्हणजे या मॅपला सुटे केस दिसणं शक्यच नाही.

अ‍ॅपलने 2018 मध्ये आयओएस 12 बरोबर दुसरं जोडचित्र आणलं: पोर्ट्रेट मॅट. फोटोत माणूस आहे असं फोनला ओळखता आलं तरच ते साठवलं जातं. त्यात माणूस पांढरा, बाकी सगळं काळं, आणि केसांच्या कडेला राखाडी. हे चित्र मुख्य फोटोच्या निम्म्या रुंदी-उंचीचं, म्हणजे 2016 × 1512 असतं. त्यामुळे कडा डेप्थ मॅपपेक्षा कितीतरी बारीक असतात. पण मॅटला अंतराचं काहीच माहीत नाही. इथे माणूस आहे की नाही, एवढंच ते सांगतं.

या दोन चित्रांतला फरक हाच या सगळ्या कामाचा गाभा आहे. कोणती वस्तू ठेवायची आणि कोणती काढायची हे डेप्थ मॅपला विचारावं. तिची कड नेमकी कुठे आहे हे मॅटला विचारावं. डेप्थ मॅपवरून कड कापायला गेलं की केस भादरल्यासारखे दिसतात, आणि मॅटवरून वस्तू निवडायला गेलं की माणूस खुर्चीशिवाय अधांतरी बसतो.

फोटोवर बोट दाबून धरलं की माणूस आपोआप उचलला जातो, मग एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. पासपोर्टसारखा साधा फोटो असेल तर ती सोय पुरेशी आहे, तीच वापरा. पण तिथे काय उचलायचं ते फोन ठरवतो. दोन मीटरच्या अलीकडचं सगळं ठेव आणि पलीकडचं काढ, असं त्याला सांगता येत नाही.

मूळ फाइल हातात येणं

बहुतेकांचं काम इथेच अडतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोत डेप्थ मॅप राहत नाही. तिथे पोचतं ते धूसर करून सपाट केलेलं एकच जेपेग. मेलमध्ये लहान करून पाठवलेल्या फोटोचंही तेच. दोन आयफोनमध्ये किंवा आयफोनमधून मॅकवर एअरड्रॉपने पाठवताना शेअर करण्याच्या पडद्यावर वर `Options` असतं, त्यात `All Photos Data` चालू करावं लागतं. मॅकवरच्या फोटोज अ‍ॅपमधून बाहेर काढताना `Export Unmodified Original` निवडावं. विंडोज संगणकाला केबल लावत असाल तर फोनच्या सेटिंगमध्ये फोटोजच्या भागात `Keep Originals` निवडलेलं हवं. तिथे `Automatic` असेल तर फोन वाटेतच फोटोचं जेपेग करू शकतो.

केबलने फोल्डर उघडलं की एकाच फोटोच्या दोन फाइल दिसू शकतात, उदाहरणार्थ `IMG_2041.HEIC` आणि `IMG_E2041.HEIC`. नावात E असलेली फाइल म्हणजे धूसरपणा लागू केलेला फोटो. E नसलेली मूळ फाइल पूर्ण स्पष्ट असते, तिच्यात मागची भिंतसुद्धा कडक दिसते. आपल्याला हीच हवी. धूसर केलेल्या फोटोत फोनने कडेला केलेल्या चुका कायमच्या भाजून निघालेल्या असतात. कानामागे भिंतीचा एक तुकडा स्पष्ट राहिलेला असतो, केसांची टोकं भिंतीत विरघळलेली असतात. तिथून पुन्हा नेमकी कड मिळवणं फार अवघड.

फाइल मिळाली की `libheif` नावाच्या मोफत संचातली ही आज्ञा जोडचित्रं वेगळी करून देते:

```
heif-convert --with-aux IMG_2041.HEIC aajoba.png
```

फोल्डरमध्ये मुख्य फोटोबरोबर आणखी काही चित्रं येतील. ज्याच्या नावात `depth` आहे तो डेप्थ मॅप. ज्याच्या नावात `portraiteffectsmatte` आहे ते मॅट. नव्या फोनच्या फाइलमधून त्वचा, केस, दात यांची वेगवेगळी मॅटसुद्धा निघतात, ती आयओएस 13 पासून आली. `depth` नावाचं काहीच आलं नाही, तर फाइल मूळ नाही किंवा फोटो पोर्ट्रेट मोडमध्ये काढलेला नाही. आयफोन 15 पासून मात्र साध्या मोडमध्येही समोर माणूस, कुत्रा किंवा मांजर ओळखू आलं तर फोन डेप्थ मॅप साठवतो, म्हणून साधा फोटोही एकदा तपासून पाहावा.

एक फोटो घेऊन बघू

समजा, आजोबा अंगणात वेताच्या खुर्चीत बसले आहेत. फोनपासून त्यांचा चेहरा 1.6 मीटरवर आहे. गुडघे पुढे आले आहेत, ते 1.2 मीटरवर. खुर्चीची पाठ 1.8 मीटरवर. त्यांच्या मागे दोरीवर कपडे वाळत आहेत, ती दोरी 2.8 मीटरवर, आणि भिंत 3 मीटरवर. भिंतीशेजारच्या मोकळ्या जागेतून दिसणाऱ्या फाटकापाशी, सहा मीटरवर, शेजारचा मुलगा उभा आहे. आजोबा आणि खुर्ची ठेवायची, कपडे, भिंत आणि तो मुलगा काढायचा, असं आपल्याला करायचं आहे.

सर्वांत जवळचा बिंदू 1.2 मीटरवर आणि सर्वांत लांबचं म्हणजे आकाश असं धरलं, तर 1.2 मीटरला छटा 255 आणि आकाशाला 0 मिळेल. मग आजोबांचा चेहरा 191 वर येतो, खुर्चीची पाठ 170 वर. कपड्यांची दोरी 109, भिंत 102, शेजारचा मुलगा 51. खुर्चीच्या 170 आणि कपड्यांच्या 109 मध्ये मोकळी जागा आहे. तिच्या साधारण मध्यावर, 136 वर, कापलं तर ते 2.25 मीटरवर कापल्यासारखं होतं. गंमत पाहा: खुर्ची आणि कपडे यांच्यात एका मीटरचं अंतर आहे आणि त्याला 61 छटा मिळाल्या. भिंत आणि मुलगा यांच्यात तब्बल तीन मीटर आहेत, त्यांना 51 च मिळाल्या. व्यस्त नातं ते हेच.

तुमच्या फोटोत हेच आकडे येणार नाहीत, कारण प्रत्येक फोटोत सर्वांत जवळची आणि लांबची मर्यादा वेगळी असते. म्हणून आकडा पाठ करू नका, आलेख पाहा. गिंप या फोटो-संपादनाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये डेप्थ मॅप उघडून `Colors → Levels` निवडलं की छटांचा आलेख दिसतो. त्यात माणसाचा एक उंचवटा आणि मागच्या गोष्टींचा दुसरा उंचवटा असतो. दोघांमधली दरी म्हणजे कापायची जागा. दरीच नसेल आणि आलेख सलग टेकडीसारखा असेल, तर त्या फोटोत केवळ अंतरावरून निवड होणार नाही, हे तिथल्या तिथे कळतं आणि पुढची मेहनत वाचते.

आता प्रत्यक्ष काम. गिंपमध्ये `aajoba.png` उघडा. मग `File → Open as Layers` मधून डेप्थ मॅप आणि मॅट हे दोन्ही त्यावर आणा. `Layer → Scale Layer` मध्ये दोघांची रुंदी-उंची मुख्य फोटोएवढी करा आणि मोठं करण्याची पद्धत `Cubic` ठेवा. कधी कधी जोडचित्र आडवं आणि फोटो उभा असं होतं. तसं असेल तर आधी ते फिरवून घ्या आणि त्याची पारदर्शकता निम्मी करून नाक नाकावर बसतंय ना ते पाहा.

डेप्थ मॅपवर `Threshold` वापरण्याचा मोह होतो, कारण त्यात एकच आकडा द्यायचा असतो. पण त्याने कड जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची निघते, कारण एक ठिपका पाच पट ताणलेला आहे. त्याऐवजी `Levels` मध्ये डावीकडचा आकडा 120 आणि उजवीकडचा 150 द्या. 120 च्या खालचं सगळं काळं होतं, 150 च्या वरचं पांढरं, आणि मधे एक छोटा उतार राहतो. आपल्या अंगणात हा उतार साधारण 2.55 ते 2.05 मीटरच्या दरम्यान येतो, आणि तिथे ना खुर्ची आहे ना कपडे. वरून तीन-चार पिक्सेलचा `Gaussian Blur` दिला की पायऱ्या पुसल्या जातात.

हे झाल्यावर जे दिसतं त्यात आजोबा आणि खुर्ची पांढरी, भिंत, कपडे आणि मुलगा काळा. निवड अगदी बरोबर. पण डोक्याभोवती बोटभर जाड पांढरी किनार दिसेल. दोन कॅमेऱ्यांवरून अंतर काढताना फोन एकेका पिक्सेलची नाही, तर छोट्या चौकोनांची तुलना करतो. डोक्याच्या कडेवरच्या चौकोनात थोडं डोकं आणि थोडी भिंत असते, आणि अख्खा चौकोन डोक्याच्या अंतरावर मोजला जातो. त्यामुळे डेप्थ मॅपमधला माणूस खऱ्यापेक्षा थोडा जाड असतो. हात कमरेवर असेल तर हात आणि अंग यांच्यामधली त्रिकोणी फट बुजलेली असते, तीही याच कारणाने.

आता मॅट पाहा. आजोबांचे केस, कान, सदऱ्याची कड सुरेख आली आहे. पण खुर्ची गायब, कारण मॅटला फक्त माणूस हवा असतो. हातातली काठीही बहुधा गेली असेल. आणि मागचा शेजारचा मुलगा, तोही माणूसच, म्हणून तो मॅटमध्ये कधी पूर्ण तर कधी अर्धवट उमटू शकतो.

दोन्ही जोडताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी डेप्थ मॅपच्या लेअरची एक प्रत काढून ठेवा, ती पुढे लागेल. मग मूळ फोटोच्या लगेच वर मॅट ठेवा. त्याच्या वर डेप्थ मॅपची पहिली प्रत ठेवून लेअरचा मोड `Multiply` करा. जिथे डेप्थ मॅप काळा, तिथे मॅटही काळं होतं आणि शेजारचा मुलगा नाहीसा होतो. ही प्रत थोडी जाडच हवी, म्हणजे ती आजोबांच्या केसांची टोकं खाणार नाही. ती आधीच जाड असते, तरी शंका असेल तर `Filters → Generic → Dilate` एक-दोनदा चालवा.

त्याच्याही वर दुसरी प्रत येते, खुर्चीसाठी. तिचा मोड `Lighten only`. म्हणजे खालचं किंवा वरचं, यातलं जे जास्त पांढरं ते टिकेल. पण ही प्रत तशीच ठेवली तर डोक्याभोवतीची ती जाड किनार परत येईल आणि मॅटची सुबक कड तिच्याखाली झाकली जाईल. म्हणून या प्रतीवर मऊ ब्रशने काळा रंग घेऊन डोकं, खांदे आणि दंडाभोवतीचा भाग पुसून टाका. फक्त खुर्ची आणि काठी पांढरी उरली पाहिजे. खुर्चीची कड मऊ आली तरी खपते, वेताच्या कडेकडे कुणी केसांइतक्या बारकाईने पाहत नाही. तिच्या जाळीतल्या फटी मात्र हाताने काळ्या कराव्या लागतील. तेवढ्या बारीक फटी डेप्थ मॅपमध्ये येत नाहीत.

तयार झालेलं चित्र `Layer → New from Visible` ने एका लेअरमध्ये घ्या, कॉपी करा, मूळ फोटोच्या लेअरवर `Add Layer Mask` ने पांढरा मास्क जोडा आणि त्यात पेस्ट करून अँकर करा. मास्क जिथे पांढरा तिथे फोटो दिसतो, जिथे काळा तिथे लपतो, म्हणून वरचे कामाचे लेअर बंद केले की आजोबा खुर्चीसह एकटे उरतात.

जमिनीचं काय करायचं

पूर्ण उंचीचा फोटो असेल तर एक अडचण नक्की येते. जमीन तुमच्या पायापासून भिंतीपर्यंत सलग पसरलेली आहे. तिच्या अंतराला कुठेच दरी नसते. आपण 2.25 मीटरवर कापलं, तर त्याच्या अलीकडची फरशी पांढरी राहणार आणि तिथे एक आडवी रेघ येणार. खुर्चीचे पाय आणि ते टेकलेली फरशी एकाच अंतरावर असल्याने डेप्थ मॅपला ते वेगळे करता येत नाहीत, आणि आकडा कितीही बदलला तरी रेघ फक्त पुढे-मागे सरकते.

इथे दोन मार्ग आहेत. पहिला, मूळ फरशी ठेवायची आणि नवं दृश्य तिच्या मागे लावायचं. मी शक्यतो हाच निवडतो, कारण खुर्चीच्या पायाखालची खरी सावली फरशीवर आयती मिळते, आणि हाताने रंगवलेली सावली पटेल अशी करायला फार कसब लागतं. फरशीची रेघ नव्या दृश्यातल्या एखाद्या ओट्याच्या, कुंपणाच्या किंवा गवताच्या कडेशी जुळवली की ती खटकत नाही. दुसरा मार्ग म्हणजे फोटो गुडघ्यापाशी कापायचा.

मॅप चुकतो कुठे

एकाच रंगाच्या, गुळगुळीत भिंतीवर तुलना करायला काहीच खूण नसते. तिथे फोन आजूबाजूच्या अंतरांवरून अंदाजाने भरतो, आणि भिंतीचा एखादा डाग माणसाच्या छटेचा होऊन बसतो. काच आणि आरसा यांतून फोनला पलीकडचं किंवा प्रतिबिंबातलं अंतर दिसतं, म्हणून चष्म्याच्या काचेत कधी भोक पडल्यासारखा काळा ठिपका येतो. घासून लखलखीत केलेल्या पितळी तांब्याचंही असंच होतं, कारण त्यावरची चमक दोन्ही कॅमेऱ्यांना वेगवेगळ्या ठिकाणी दिसते.

या चुका नवं दृश्य लावल्यावर शोधू नयेत, रंगीबेरंगी दृश्यात त्या लपतात आणि छापल्यावर दिसतात. मास्क झाला की खाली आधी एक सपाट गडद लाल लेअर टाका, फोटो पूर्ण आकारात बघा आणि कडेवरून एक फेरी मारा. मग लालच्या जागी पांढरा टाकून दुसरी फेरी. लालवर फिकट कड दिसते, पांढऱ्यावर गडद कड दिसते. चष्म्यातली भोकं आणि भिंतीचे उरलेले डाग दोन्हींत दिसतात, ते मास्कवर पांढऱ्या-काळ्या ब्रशने लगेच भरता येतात.

फिकट कडेचं मात्र फक्त मास्कने भागत नाही. केसांच्या टोकाच्या एका पिक्सेलमध्ये समजा चाळीस टक्के केस आणि साठ टक्के चुन्याची पांढरी भिंत आहे. मॅट त्या पिक्सेलला चाळीस टक्के दृश्यमान ठेवेल, हे बरोबरच. पण जे दिसेल तो रंग केसांचा नसून केस आणि चुना यांची भेसळ असेल. मागे संध्याकाळचं गडद आकाश लावलं की डोक्याभोवती पिठाळ वलय उठतं. पुष्कळ लोक मास्क आत ढकलून हे वलय घालवतात, आणि त्याबरोबर केसही जातात. त्यापेक्षा फोटोच्या लेअरवर, मास्कवर नाही, क्लोन ब्रश `Darken only` मोडमध्ये घेऊन आतल्या केसांचा रंग कडेवर ओढावा. या मोडमध्ये गडद तेवढंच उमटतं, म्हणून चुन्याची भेसळ झाकली जाते आणि केसांचा आकार मॅटने ठरवलेला तसाच राहतो. आजोबांचे केस पांढरेच असतील तर हा उपाय चालत नाही. तिथे नवं दृश्यच उजळ निवडावं, म्हणजे भेसळ दिसत नाही.

नवं दृश्य किती धूसर करायचं

आता मागे नवा फोटो लावला आणि तो कडक स्पष्ट असेल, तर आजोबा कापून चिकटवल्यासारखे दिसतील. खऱ्या लेन्समध्ये वस्तू किती धूसर होते हे तिच्या आणि फोकसच्या डिस्पॅरिटीतल्या फरकावर ठरतं, म्हणजे इथेही तेच व्यस्त नातं. फोकस 1.6 मीटरवर असेल तर तीन मीटरवरच्या भिंतीसाठी फरक 0.29 येतो, सहा मीटरवरच्या झाडासाठी 0.46, वीस मीटरवरच्या देवळासाठी 0.58, आणि क्षितिजावरच्या डोंगरासाठी 0.63. देऊळ आणि डोंगर यांच्या धूसरपणात जेमतेम फरक आहे. म्हणून नवं दृश्य लांबचं असेल तर सगळ्याला एकच धूसरपणा दिला तरी चालतं. जवळची फांदी किंवा कुंडी दृश्यात असेल तर तिला वेगळ्या लेअरवर घेऊन कमी धूसर करावं.

हेच गणित फोटो काढतानाही कामाला येतं. आजोबांची खुर्ची 1.6 मीटरवर आणि तिच्यामागे अर्ध्या मीटरवर भिंत असेल, तर दोघांच्या डिस्पॅरिटीत 0.15 चा फरक असतो. डेप्थ मॅपमधली दरी अरुंद होते, आणि खुर्चीची पाठ तर भिंतीला जवळपास चिकटते. खुर्ची एक मीटर पुढे घेतली आणि आपण तेवढेच मागे सरलो, तर फरक 0.30 होतो, म्हणजे दुप्पट. आणखी एक मीटर पुढे घेतली तर 0.38, त्याच्याही पुढच्या मीटरला 0.43. पहिल्या मीटरला जे मिळतं ते पुढच्या दोन मीटरना मिळूनही मिळत नाही. अंगण लहान असलं तरी खुर्ची भिंतीपासून दीड मीटर सुटेल एवढं पाहावं. भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला अंतरावरून वेगळं करणं मात्र कोणत्याच आकड्याने जमत नाही. तिथे एकट्या मॅटवर काम करावं आणि खुर्ची हाताने कापावी.